अमक्याकडून ऐकलं, तमक्या साली वारला

इ.स. १४२४ मध्ये गुलबर्ग्यात एक इजिप्शियन व्याकरणकार वारला. बद्रुद्दीन दमामीनी त्याचं नाव, आणि जन्म अलेक्झांड्रियाचा. विद्वान मोठा, पण नुसत्या व्याकरणावर पोट भरेना म्हणून की काय, त्याने विणकामाचा धंदा काढला. धंदा वाढला, कारखाना झाला, आणि एक दिवस घराला आग लागून सगळं खाक झालं. डोक्यावर कर्ज उरलं. पंडित दक्षिण इजिप्तमध्ये पळून गेले. सावकार मागोमाग गेले आणि त्यांना अपमान करत कैरोला घेऊन आले. दोन वजनदार मित्र मध्ये पडले तेव्हा कुठे प्रकरण निवळलं. मग हज झाला, मग येमेन झालं. तिथल्या झबीद शहरात त्यांनी वर्षभर शिकवलं, पण बस्तान बसेना. शेवटी ते जहाजात बसून हिंदुस्थानात आले. इथे मात्र नशीब फळफळलं. मान मिळाला, पैसा मिळाला, शिष्य मिळाले. आणि मग बहमनींच्या गुलबर्ग्यात मरण आलं. विष देऊन मारलं, असं नोंद म्हणते.

हे सगळं पानभर मजकुरात मावतं. कादंबरीकाराने याचे तीन खंड केले असते. पण ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांना दमामीनींच्या दुःखात फारसा रस नव्हता. तो कुणाकडे शिकला, त्याने काय लिहिलं, तो कोणत्या साली गेला, हे त्यांना नोंदवायचं होतं. आग, सावकार आणि विष ही वाटेत सांडलेली माहिती. आजचे इतिहासकार जगतात ते या सांडलवंडीवरच.

अरबी भाषेत असे विद्वानांचे चरित्रकोश हजारेक वर्षं लिहिले जात होते. काही एका शहराचे, काही एका पंथाचे, काही एका शतकाचे. कैरोच्या सखावीने (१४२७–१४९७) हिजरी नवव्या शतकातल्या माणसांचा कोश केला, त्याच्या छापील आवृत्तीचे बारा खंड होतात. दमामीनी त्यातही आहे, म्हणजे गुलबर्ग्याला मेलेल्या माणसाची खबर कैरोत नीट फाईलबंद झाली होती. त्याच्याही चारशे वर्षं आधी खतीब बगदादी नावाच्या गृहस्थाने बगदादचा इतिहास लिहिला. इतिहास म्हणून उघडावा तर आत राजे आणि लढाया नाहीत. सुरुवातीला शहराचं वर्णन आहे आणि मग सुमारे ७,८०० माणसं एकामागून एक येतात. बगदादला राहिलेली, शिकायला आलेली, नुसती येऊन गेलेली.

असा कोश सलग वाचायला घेऊ नये. पहिल्या दहा नोंदींत उत्साह असतो, विसाव्या नोंदीला जांभई येते. नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, पणजोबाचं नाव, गावाचं किंवा धंद्याचं आडनाव. मग ‘अमक्याकडून ऐकलं’, ‘तमक्याने याच्याकडून ऐकलं’, ‘विश्वासार्ह होता’, ‘तमक्या साली वारला, तमक्या दफनभूमीत पुरला’. झाली नोंद, चला पुढे. माणूस काळा होता की गोरा, हसरा होता की खडूस, काही कळत नाही. पण या रुक्षपणाला कारण होतं. पैगंबराच्या वचनांची, म्हणजे हदीसची, परंपरा तोंडी चालत आलेली. मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, त्याने अलाण्याकडून, अशी साखळी प्रत्येक वचनाला जोडलेली. साखळी खरी की बनावट हे तपासायचं तर प्रत्येक कडीचा माणूस कोण, कुठला आणि मुख्य म्हणजे कधी जिवंत होता, हे ठाऊक हवं. कोश हे तपासणीचं साधन होतं. त्यात काव्य कुठून येणार?

तपासणी कशी चाले त्याचा एक जुना किस्सा आहे. इस्माईल बिन अय्याश या विद्वानाने एका वचन सांगणाऱ्याला विचारलं, खालिद बिन मअदानकडून तू कोणत्या साली ऐकलंस? तो म्हणाला, हिजरी ११३. इस्माईल म्हणाले, म्हणजे त्याच्या मरणानंतर सात वर्षांनी! खालिद १०६ साली वारला होता. पुढे त्या माणसाचं तोंड कसं झालं असेल ते नोंदवायची पद्धत नव्हती, हे वाईट झालं.

खुद्द खतीब बगदादीची गोष्ट याहून रंगतदार आहे. खैबरच्या ज्यूंना जिझिया माफ केल्याचं पैगंबरांच्या नावाचं एक पत्र बगदादच्या वजिरासमोर आलं. पत्रावर साक्षीदारांची नावं होती. खतीबने पत्र पाहिलं आणि बनावट म्हणून सांगितलं. कशावरून? एक साक्षीदार मुआविया. खैबर घेतलं गेलं हिजरी सातव्या वर्षी, आणि मुआविया मुसलमान झाला मक्का हाती आली तेव्हा, म्हणजे आठव्या वर्षी. दुसरा साक्षीदार सअद बिन मुआझ, तो तर खंदकाच्या लढाईत जखमी होऊन पाचव्या वर्षीच गेलेला. शाई पाहिली नाही, कागद उजेडात धरला नाही. दोन तारखांनी काम भागलं. ज्याने आयुष्यभर माणसांच्या जन्ममृत्यूची वर्षं गोळा केली, त्याच्यासमोर खोटी सही टाकणं म्हणजे पोस्टमनला खोटा पत्ता सांगण्यासारखं होतं.

तर या लोकांनी तारखा जपल्या त्या खोटं पकडण्यासाठी. विसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी त्याच तारखा उचलल्या आणि त्यांना भलतेच प्रश्न विचारले. यात माझा आवडता माणूस रिचर्ड बुलियट. त्याने इराणच्या ईशान्येकडचं निशापूर शहर धरलं. दहाव्या-अकराव्या शतकात हे मोठं भरभराटीचं शहर होतं. त्याचे दोन चरित्रकोश माहीत आहेत. एक अल्-हाकिमचा, दुसरा त्याला पुरवणी म्हणून अब्दुल गाफिर फारिसीने लिहिलेला. यांवरून बुलियटने १९७२ साली निशापूरच्या घरंदाज कुटुंबांवर पुस्तक लिहिलं. कोण कुणाचा जावई, कुणाची मुलगी कुणाकडे दिली, कोणत्या घराण्याकडे काझीपद किती पिढ्या टिकलं, हनफी आणि शाफई हे दोन पक्ष एकमेकांत कसे लग्नं टाळत आणि भांडणं मात्र टाळत नसत, हे सगळं त्या जांभई आणणाऱ्या नोंदींतून निघालं.

नंतर त्याने एक साधी वजाबाकी केली. नोंदीत शिष्याचं जन्मवर्ष असतं, गुरूचं मृत्यूवर्ष गुरूच्या नोंदीत असतं. शिष्याने गुरूकडून ऐकलं असेल तर ते या दोन वर्षांच्या मध्ये कधीतरी ऐकलं. अशा वजाबाक्या शेकड्याने केल्यावर एक विचित्र वर्ग डोळ्यांसमोर उभा राहतो. समोर गुरुजी ऐंशीचे, बोळके, कदाचित ऐकू कमी येणारे. आणि ऐकायला बसलेला विद्यार्थी पाच-सहा वर्षांचा, बापाने किंवा मामाने बखोटीला धरून आणलेला.

हे वेड नव्हतं, हिशेब होता. साखळीत कड्या जितक्या कमी, तितकी तिची किंमत जास्त. समजा, वयाच्या तिशीत असलेला विद्यार्थी साठीतल्या गुरूकडून ऐकतो आणि स्वतः साठीत पुढच्याला सांगतो. दर कडीला तीस वर्षं पुढे सरकतात. चारशे वर्षं ओलांडायची तर तेरा-चौदा माणसं लागतील. आता पोराला सहाव्या वर्षी शहाऐंशीच्या म्हाताऱ्यापुढे बसवा आणि तो पोरगा स्वतः शहाऐंशीचा होईपर्यंत थांबा. एक कडी ऐंशी वर्षांची झाली. पाच माणसांत चारशे वर्षं पार. यात पोराला काय कळलं हा प्रश्न गौण होता. त्याने ऐकलं, हजेरीपत्रकात नाव लागलं, पुरे. तरीही विद्वान मंडळी विद्वानच असल्यामुळे त्यांनी यालाही नियम लावला. पाच वर्षं पुरी झालेल्या मुलाने ‘ऐकलं’ असं लिहायचं, त्याहून लहान असेल तर तो ‘हजर होता’ असं. पैगंबरांच्या एका सोबत्याला आपल्या पाचव्या वर्षी पैगंबरांनी गमतीने तोंडावर पाणी उडवल्याचं आठवत होतं, त्याचा आधार यासाठी देत.

याचा दुसरा परिणाम म्हाताऱ्यांवर झाला. एखाद्याने तिशीत, चाळिशीत कितीही अभ्यास केला तरी त्याच्याकडे वचनं ऐकायला कुणी फिरकत नसे. त्याच्या बरोबरीचे सगळे मरून तो एकटा उरला, की दाराशी रांग लागे. अख्खं आयुष्य अत्तर विकलं आणि नव्वदीत अचानक गुरुवर्य झाले, असंही होई. कारण लहानपणी त्यांना कुणीतरी योग्य म्हाताऱ्यापुढे बसवलं होतं.

इथेच एक खड्डाही आहे आणि त्यात पाय घालण्याचा मोह फार होतो. कोशातल्या माणसांच्या वयांची सरासरी काढली तर निशापूरची हवा हिमालयाहून चांगली होती असं वाटायला लागतं. सत्तर, ऐंशी, नव्वद, कुणी शंभरीला टेकलेला. पण जो चाळिशीत गेला त्याच्याकडून कुणी ऐकलंच नाही, आणि ज्याच्याकडून कुणी ऐकलं नाही त्याची नोंद करायचं कारण नव्हतं. दीर्घायुष्य ही कोशात शिरायची अटच होती म्हटलं तरी चालेल. तेव्हा या वयांवरून त्या काळचा माणूस किती जगायचा हे मुळीच कळत नाही. कोशात यायला किती जगावं लागे, तेवढंच कळतं. शिवाय नेमकं सत्तर, नेमकं ऐंशी, नेमकं नव्वद अशी गोल वयं फार दिसू लागली, की तिथे कुणीतरी बोटांवर अंदाज केलेला आहे असं समजावं.

बुलियटचा दुसरा प्रयोग याहून धाडसी. इराण मुसलमान कधी झाला? लढाई कोणत्या साली झाली हे इतिहासग्रंथ सांगतात, पण घरोघरची माणसं कधी बदलली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. बुलियटने वंशावळी घेतल्या. समजा, इ.स. १००० च्या सुमारास वारलेल्या एका विद्वानाचं नाव आहे मुहम्मद बिन अली बिन अहमद बिन उमर बिन रुस्तुम. उलट मोजत जायचं. मुहम्मद, अली, अहमद, उमर ही सारी मुसलमानी नावं. त्यामागे एकदम रुस्तुम, अस्सल इराणी. याचा अर्थ बहुधा रुस्तुमनेच धर्म बदलला आणि मुलाचं नाव उमर ठेवलं. पिढीला तीस-पस्तीस वर्षं धरून मागे गेलं, की रुस्तुमच्या धर्मांतराचा काळ अंदाजे हाती लागतो. मुहम्मद सत्तर वर्षं जगला असेल तर तो ९३० च्या आसपास जन्मला, आणि चार पिढ्या मागे रुस्तुमचा जन्म आठव्या शतकाच्या अखेरीस येतो. अशा काही शे वंशावळी मांडून त्याने आलेख काढला. आधी वेग अगदी मंद, मग झपाट्याने चढ, मग पुन्हा सपाट. मधला चढ आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नवव्या शतकापर्यंतचा. म्हणजे अरबांनी इराण जिंकल्यानंतर तब्बल शंभर वर्षं बहुतेक घरांत रुस्तुमच राहत होते.

१९७९ साली हे पुस्तक आलं आणि त्यावर बरीच चर्चा झाली. आक्षेप वाजवी होते. हा आलेख फक्त मुसलमान झालेल्यांचा आहे, कधीच न झालेल्यांचा हिशेब त्यात नाही. लोकसंख्येतले किती टक्के असं तो सांगू शकत नाही. जे झाले त्यांतले किती कधी झाले, एवढंच सांगतो. त्यातही फक्त अशा घरांतले, ज्यांच्यात पुढे विद्वान निपजला. खेड्यातला शेतकरी, ज्याचा पणतू काझी झाला नाही, तो यात कुठेच नाही. आणि एखाद्या कुटुंबाला आपला रुस्तुम लपवावासा वाटला असेल तर? वंशावळीतून एखादा आजोबा गाळणं ही काही आपल्याच मुलखाची मक्तेदारी नव्हे. तरीही मला हा प्रयोग मोलाचा वाटतो. आधी सगळे नुसते तर्क लढवत होते. बुलियटने चूक काढता येईल अशी गोष्ट मांडली.

आडनावांचंही असंच. सराफ, अत्तार, बझ्झाज, कत्तान, ही कोशातली आडनावं. बझ्झाज म्हणजे कापडवाला, कत्तान म्हणजे कापूसवाला. निशापूरच्या जुन्या विद्वानांत कापूस आणि कापडाची आडनावं इतकी भेटतात, की बुलियटने २००९ साली इराणच्या कापूस-व्यापाराचा चढउतार त्यांच्यावरून मांडला. धर्मशास्त्राला पगार नव्हता, म्हणून शास्त्री दुकान चालवत, हे तर उघडच होतं. पण अकराव्या शतकात ही आडनावं ओसरली, ती हवामान थंड झाल्यामुळे, असं तो पुढे म्हणतो. इथे बरेच अभ्यासक त्याची साथ सोडतात, आणि मीही काठावर थांबतो. आडनाव त्या माणसाच्या धंद्याचं की खापरपणजोबाच्या, हे कोश सांगत नाही. आपल्याकडचे सगळे कुलकर्णी आज दप्तर लिहीत बसलेले नाहीत.

आता पुन्हा सखावीकडे. या गृहस्थाने बाराव्या खंडात फक्त बायका घेतल्या आहेत, एक हजाराहून जास्त. बहुतेक चांगल्या घरातल्या, पुष्कळ हदीस शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या, काही ओळखीच्या, काही नात्यातल्या. पुरुषांच्या खंडांत तो शिस्तीने गुरू-शिष्य सांगतो. बायकांच्या खंडात मात्र त्याला वेगळंच सुचतं. हिचं लग्न अमक्याशी झालं, त्याने सोडलं, मग तमक्याशी झालं, तो वारला, मग तिसऱ्याशी. बहुधा बाई कोण हे सांगायला नवऱ्यांची यादी हा त्याला सोयीचा पत्ता वाटला असावा. हुदा लुत्फी यांनी १९८१ साली या खंडाकडे लक्ष वेधलं. पुढे योसेफ रापोपोर्ट यांनी ज्यांच्या लग्नांची माहिती मिळते अशा सुमारे पाचशे बायका मोजल्या. त्यांतल्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने एकाहून जास्त लग्नं केली होती. पंधराव्या शतकातल्या कैरोत दहांतली तीन लग्नं घटस्फोटाने संपत, हाही त्यांचाच हिशेब. नवरा मेल्यावर किंवा सुटल्यावर बाई कोपऱ्यात बसून राहिली, असं चित्र या कैरोचं निघत नाही. सखावीला हे सिद्ध करायचं नव्हतं. तो आपल्या शेजारच्या, नात्यातल्या बायकांची नोंद करत होता. मर्यादा अर्थात तीच. पाणी भरणारी, सूत कातणारी गरीब बाई त्याच्या नोंदीत येण्याचं कारणच नव्हतं.

सखावी सरळ माणूस होता असं कुणी समजू नये. ज्यांच्याशी त्याचं पटत नसे त्यांची नोंद वाचताना बोट पोळतं. समकालीन सुयूतीशी त्याचं हाडवैर. इतरांची पुस्तकं थोडी फिरवून स्वतःच्या नावावर खपवतो, असा आरोप त्याने सुयूतीवर कोशातच केला. सुयूतीनेही उत्तर दिलं. सखावीच्या इतिहासलेखनावर त्याने एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिच्या नावात डाग देण्याचं लोखंड घातलं. तेव्हा ‘विश्वासार्ह होता’, ‘स्वभावाने उग्र होता’, ‘विद्या बेताची’ असे शेरे वाचताना दोघांचं बोलणं होतं का, हे आधी पाहावं. इतिहासकार हेच करतात. शेऱ्यावर ते फार विसंबत नाहीत. जन्म, मृत्यू, गुरू, सासरा, आडनाव आणि नवऱ्यांची यादी यांवर मात्र बराच भरवसा ठेवतात, कारण त्यात खोटं बोलायला लेखकाला फारसं कारण नसतं. बारा खंडांभर खोट्या तारखा रचायला लागणारी चिकाटी सखावीकडेसुद्धा नव्हती.

निशापूरचं मात्र दुर्दैव. ११५३ नंतर गुझ तुर्कांची लूट आणि हनफी-शाफईंची आपापसातली जाळपोळ यांत शहर बसलं, आणि १२२१ मध्ये मंगोलांनी उरलंसुरलं संपवलं. अल्-हाकिमचा मूळ कोशही आज नाही. फारसी संक्षेप उरलाय आणि त्यात बहुतांशी नुसती नावं. म्हणून त्याच्या काळातल्या माणसांची आडनावं मोजता येतात, पण त्यांची वजाबाकी करता येत नाही. ज्या कुणी संक्षेप केला त्याला तारखा कंटाळवाण्या वाटल्या असणार.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरी सध्या कुलवृत्तान्ताचं काम निघालेलं असेल आणि नव्या आवृत्तीसाठी चुलत्यांची माहिती मागवणारं पत्र आलं असेल, तर एवढं करा. चुलते मनमिळाऊ, धर्मपरायण आणि सर्वांना हवेहवेसे होते, हे लिहायचं असेल तर लिहा, पण जागा कमी पडली तर आधी तेच गाळा. जन्म-मृत्यूची वर्षं अंदाजाने गोल करू नका. मुलींची नावं माहेरची आणि सासरची दोन्ही द्या. आणि चुलत्यांचा छापखाना बुडाला असेल, सावकार दाराशी आला असेल, तर तेही एका ओळीत नक्की घाला.